कट, हळद आणि शर्टाचा रंग

युनिफॉर्म शिवून घ्यायला येणारा हॉटेलवाला सहसा दोन मागण्या एका दमात करतो. रंग मळखाऊ हवा, आणि पोरं स्वच्छ दिसली पाहिजेत. कोल्हापुरात माझं युनिफॉर्म शिवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. या दोन मागण्या एकमेकींच्या वाटेत येतात हे समजावून सांगण्यात माझा बराच वेळ जातो. मळ पुरता गिळणारा रंग न धुतलेला शर्टही दोन-तीन दिवस खपवून घेतो. डाग दिसत नाही म्हणून कुणी धूत नाही, मग तेलाचा वास येतो, कॉलर चिकट होते, आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. उलट जो रंग स्वच्छ दिसतो तो पहिल्याच वाटीला चुगली करतो. त्यामुळे माझ्याकडे कुणी रंग विचारला की मी रंगाचं पुस्तक उघडत नाही. आधी विचारतो, तुमच्याकडे सांडतं काय, आणि कपडे धुतं कोण?

गेल्या काही वर्षांतलं एक काम यासाठी सांगण्यासारखं आहे. मिसळीचं हॉटेल, सकाळी सातला उघडणारं, दुपारनंतर थाळी. चार वाढपी, दोन आचारी, गल्ल्यावर स्वतः मालकीणबाई. त्यांना सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागलो. त्या आल्या तेव्हा त्यांच्या मनात काळा रंग पक्का होता. पुण्यातल्या कुठल्याशा कॅफेत त्यांनी काळे शर्ट घातलेली पोरं पाहिली होती.

“भाऊ, काळं द्या. काळ्यावर काय दिसतंय?”

काळ्यावर मिसळीचा कट दिसत नाही हे खरं. पण मिसळीच्या हॉटेलात कटाबरोबर फरसाण असतं, आणि फरसाणाचा चुरा म्हणजे बेसन. बेसनाची भुकटी, कणीक, मीठ, पांढऱ्या फडक्याची लव, हे सगळं काळ्यावर उठून दिसतं. उन्हाळ्यात पाठीवर घाम सुकला की मिठाची पांढरी वेडीवाकडी रेघ उमटते, तीही काळ्यावरच सर्वांत ठळक. शिवाय काळा सुती कपडा रोजच्या धुण्यात आधी शिवणीवर, कॉलरच्या घडीवर आणि खिशाच्या कडेला उडतो, कारण तिथं घर्षण जास्त. तीन महिन्यांनी शर्ट मळलेला नसतो, पण करडा-तपकिरी, थकलेला दिसतो. कॅफेत कॉफी सांडते आणि कपडे लाँड्रीत जातात. मिसळीच्या हॉटेलात कट सांडतो आणि कपडे मावशी धुतात. तोच रंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं म्हातारा होतो.

मी वहिनींना म्हटलं, एक दिवस मला सकाळच्या गर्दीत तुमच्याकडे बसू द्या. असं बसणं मी शक्य तिथं टाळत नाही, कारण डाग कुठं पडतो हे मालकाला विचारून कळत नाही. मालक म्हणतो, सगळीकडे. डाग सगळीकडे कधीच पडत नाहीत. वाढप्याच्या अंगावर ते मुख्यतः तीन जागी असतात. पहिली जागा शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून पट्ट्यापर्यंत, कारण ताट टेबलावर ठेवताना तो तिथवर वाकतो आणि ताटाची कड पोटाला लागते. दुसरी, उजव्या बाहीची कड. तिसरी, मांडीच्या वर, जिथं ओला हात नकळत पुसला जातो. आचाऱ्याचं वेगळं. त्याच्या छातीवर फोडणीचे बारीक शिंतोडे असतात आणि पोटाशी ओट्याची कड घासून आडवा पट्टा मळतो. दोघांच्याही पाठीवर आणि खांद्यावर डाग जवळजवळ नसतात, तिथं फक्त घाम. म्हणजे एकाच शर्टातल्या वीतभर पट्ट्यासाठी आपण सबंध शर्टाचा रंग निवडत असतो. हे एकदा ध्यानात आलं की निम्मा प्रश्न ॲप्रन सोडवतं, आणि उरलेल्या निम्म्यासाठी शर्टाचा रंग पाहायचा.

आता डागांकडे. मिसळीच्या हॉटेलातले डाग मला तीन जातींचे वाटतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

कटाचा डाग हा खरं तर दोन डाग असतो. लाल मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तो तेलात उतरतो. म्हणून कटाचा थेंब कापडावर पडला की मध्ये लाल ठिपका राहतो आणि त्याच्याभोवती तेल पुढं पुढं सरकत एक फिकट वलय तयार करतं. धुण्यात लाल ठिपका बराचसा जातो, पण गार पाण्यात धुतलं तर वलय तसंच राहतं. सुकल्यावर ते क्षणभर दिसतही नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यावर धूळ आणि पीठ चिकटतं आणि मग धुतलेल्या शर्टावर गोल काळसर डाग दिसू लागतात. गिऱ्हाईक म्हणतं रंग वाईट. रंग ठीक असतो, तेल उतरलेलं नसतं. यात कापडाचाही हात असतो. पॉलिस्टरला तेलाची ओढ असते, ते तेल सहज सोडत नाही. सूत तेल पितं, पण गरम पाणी आणि साबण मिळाले की सोडतंही.

हळदीचं वेगळंच. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, साबणाच्या अल्कलीत लालसर होतं. नवीन माणूस घाबरतो, त्याला वाटतं शर्टाचा रंग फुटला. भरपूर पाण्यात खळबळलं की लाल जाऊन पुन्हा पिवळं येतं, म्हणजे डाग हलला नाही, त्यानं फक्त रंग बदलला. साबण वाढवून हळद जात नाही. ती जाते उन्हानं. ओलं फडकं कडक उन्हात टाकलं की दुपारपर्यंत पिवळं विरत जातं, कारण प्रकाशात कुर्क्युमिनचे तुकडे होतात. आपल्याकडच्या बायकांना हे ठाऊक असतंच, हळदीच्या साड्या आणि पंचे त्या उगाच उन्हात टाकत नाहीत.

तिसरी जात चहाची. चहातलं टॅनिन सुती कापडात मुरतं आणि तपकिरी होतं. ताजं असताना गार पाण्यानं लगेच धुतलं तर निघतं, दिवसभर राहिलं की बस्तान बसवतं.

या तिन्हींचा विचार एकत्र केला की एक अडचण समोर येते. तेलाला गरम पाणी हवं. हळदीला ऊन हवं. दोन्ही करूनही काही उरलं तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लागतं. आणि ही तिन्ही औषधं रंगीत कापडाची शत्रू आहेत. गरम पाण्यात रंग सुटतो, उन्हात उडतो, ब्लीचमध्ये तर सुती कापडावरचे नेहमीचे रंग बघता बघता जातात. म्हणजे सर्वांत जास्त डाग ज्या कपड्यावर पडतात तो रंगीत असेल तर त्याला बरं करायचं प्रत्येक औषध त्याला मारतं. तिन्ही औषधं सोसतं ते एकच कापड, पांढरं सुती. म्हणून माझा सल्ला गिऱ्हाइकाला उलटा वाटतो. सर्वांत जास्त मळणारी वस्तू पांढरी ठेवा, आणि कमी मळणारी रंगीत.

वहिनींना हे सहज पटलं नाही.

“पांढरं ॲप्रन मिसळीला? तासाभरात होळी होईल त्याची.”

“होऊ द्या की. गर्दी संपली की बदलायला लावा. शर्ट मात्र दिवसभर टिकला पाहिजे.”

त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर होता. असं बदलायचं तर किती शिवायची? आम्ही कागदावर हिशेब मांडला. वाढपी चार आणि आचारी दोन, म्हणजे सहा माणसं. सकाळची गर्दी संपल्यावर एकदा बदलायचं, म्हणजे माणशी दिवसाला दोन, एकूण बारा. बारा अंगावर असताना आदल्या दिवसाची बारा दोरीवर, म्हणजे चोवीस. पण कोल्हापुरात जून ते सप्टेंबर दोरीवरचं जाड कापड एका दिवसात वाळत नाही, म्हणून आणखी एक पाळी, छत्तीस. आकडा मोठा वाटतो, कापड मात्र तितकं लागत नाही. ५८ इंची पन्ह्यात दोन ॲप्रन शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे मीटरभरात दोन निघतात आणि छत्तीसला अठरा मीटर पुरतं. इचलकरंजीचं साधं पांढरं सुती ड्रिल घेतलं. त्याची वीण तिरकी आणि घट्ट असते, उकळत्या पाण्यात आणि ब्रशाखाली ती टिकते. बंदसुद्धा त्याच कापडाचे शिवले. रंगीत बंद छान दिसतात, पण उकळलं की रंग सोडतात आणि पांढऱ्यावर गुलाबी पट्टे उठतात. खळ द्यायची नाही असंही बजावलं, कारण खळीनं कडक झालेल्या कापडावर कट चटकन आत जात नाही खरा, पण खळीचं पीठ धुण्यात नीट गेलं नाही तर पांढरं कापड मळकट दिसू लागतं.

पांढऱ्या कापडाला पाण्याचीही अट असते. वहिनींकडे बोअरचं पाणी होतं, जड. जड पाण्यात साबणाची साय धरते आणि ती धाग्यात बसून पांढऱ्याला करडं करते. लोक मग नीळ वाढवतात. नीळ पिवळेपणा झाकते, करडेपणा झाकत नाही, उलट निळसर-करडं करते. त्यांना एवढंच सांगितलं की वडीचा साबण ॲप्रनला लावू नका, डिटर्जंट पावडर वापरा आणि बादलीत आधी मूठभर धुण्याचा सोडा विरघळवा. क्रमही लिहून दिला. आधी कडकडीत पाणी, पावडर आणि सोडा, त्यात भिजवणं, म्हणजे तेल सुटतं. मग घासणं. मग भरपूर पाण्यात खळबळणं आणि ओलं असतानाच उन्हात टाकणं, म्हणजे हळद जाते. ब्लीच शेवटी, आणि तेही आठवड्यातून एकदाच. तेल न काढता आधी ब्लीच केलं तर काहीच होत नाही, आणि तेल राहिलेलं ॲप्रन इस्त्रीखाली गेलं तर डाग पिवळा होऊन कायमचा राहतो.

ॲप्रनचा निकाल लागला तेव्हा शर्टाचा प्रश्न सोपा झाला. शर्टानं आता सगळा मार सोसायचा नव्हता, ॲप्रनच्या बाहेर राहणाऱ्या जागा सांभाळायच्या होत्या. बाही, खांदे, कॉलर, आणि दुपारनंतर पाठीवरचा घाम. मी माझ्याकडच्या आठ-नऊ कापडांचे वीतभर तुकडे कापले आणि त्यांच्या हॉटेलात घेऊन गेलो. त्यांच्याच पातेल्यातला गरम कट अर्धा चमचा, त्यांच्याच भाजीतलं हळदीचं पाणी, चहा, आणि वर चिमूटभर फरसाणाचा चुरा. डाग पाडून तुकडे संध्याकाळपर्यंत तसेच ठेवायचे, मग मावशी रोज जसे कपडे धुतात तसेच धुवायचे, आणि पुन्हा तेच. नव्या कापडावर एक डाग पाहून काही कळत नाही. कापडाचा खरा रंग किमान पाच धुण्यांनंतर दिसतो.

तुकडे शेजारी शेजारी टांगले तेव्हा काही गोष्टी अगदी स्पष्ट झाल्या. क्रीम रंगाला चहानं मारलं. आकाशी आणि मध्यम करडा धुतल्यावर चांगले दिसत होते, पण अंगावर ते चालणार नव्हते. ओलं झाल्यावर मध्यम छटांचं कापड सर्वांत जास्त गडद होतं. कोरड्या धाग्यांमधली हवा प्रकाश विखुरते म्हणून कापड फिकट दिसतं, आणि त्या पोकळीत पाणी भरलं की प्रकाश आत जातो, परत येत नाही. पांढऱ्यात हा फरक फार दिसत नाही आणि अगदी गडद रंगात गडद व्हायला जागाच उरलेली नसते. मधल्या छटेत मात्र काखेतला घाम आणि भांड्याचं पाणी नकाशासारखं उमटतं. करड्या शर्टातला वाढपी स्वच्छ असला तरी दुपारी भिजलेला दिसतो. नेव्ही ब्लू बराच टिकला, पण त्यावर पीठ दिसत होतं आणि तेलाची वलयं धुण्यागणिक गडद होत होती. बॉटल ग्रीनवर हळद आश्चर्यकारक रीतीनं हरवली, कट मात्र तपकिरी ठिपक्यांसारखा राहिला.

मरून वहिनींना पहिल्या नजरेत आवडला. त्यात कट अक्षरशः नाहीसा होत होता. पण सुती मरूनचा तुकडा मी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून दाखवला तर फडकं गुलाबी झालं. गडद लाल छटांत सैल राहिलेला रंग बऱ्याचदा नीट धुतलेला नसतो. असा शर्ट घालून घामेजलेला माणूस पांढरं ॲप्रन बांधणार, म्हणजे ॲप्रनला रोज आतून डाग. ही फडक्याची परीक्षा कुणालाही दुकानात उभ्या उभ्या करता येते. कापड घेण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालानं दहा-बारा वेळा घासावं आणि रुमाल पाहावा.

शेवटी जिंकली ती एक बारीक चौकडी. विटकरी आणि गडद तपकिरी धाग्यांची, मध्ये एक सायीच्या रंगाचा धागा. एकरंगी कापडावर डाग म्हणजे एकसंध जागेतला एकटा ठिपका, डोळा त्यावरच जातो. चौकडीत डोळ्याला आधीच रंगांचे बदल दिसत असतात, त्यात एखादा ठिपका मिसळून जातो. मात्र चौकडीचं माप महत्त्वाचं असतं. कटाचा शिंतोडा मसुराच्या दाण्यापासून रुपयाच्या नाण्याएवढा असतो. चौकट त्याहून मोठी असेल तर शिंतोडा एका रंगाच्या चौकटीत एकटाच पडतो आणि दिसतो. चौकट दोन-चार मिलिमीटरची असेल तर एका शिंतोड्याखाली कितीतरी चौकटी येतात आणि त्याची कडच हरवते. शेफ लोकांच्या विजारी पिढ्यान् पिढ्या बारीक काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या आहेत त्यामागेही हेच. आणि चौकडीचे रंग आपल्या डागांच्या घराण्यातले असावेत. मिसळीला विटकरी-तपकिरी, आइस्क्रीमच्या दुकानाला तीच चौकडी निरुपयोगी.

चौकडी घेताना कापड उलटून पाहावं. धागा आधी रंगवून विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. छापील चौकडी मागून फिकट असते, आणि वरचा रंग झिजला की कोपरांशी आणि कॉलरवर आतला पांढरा धागा डोकावतो. छापील कापड मीटरमागं स्वस्त पडतं, म्हणून गिऱ्हाइकांना त्याचा मोह पडतो. पण छापील शर्ट वर्षाच्या आत जुना दिसतो आणि सगळा संच पुन्हा शिवावा लागतो.

चौकडीचं कापड मी पॉलिस्टर-सूत मिश्र घेतलं, दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग सूत. वाढप्याला ते ठीक, रात्री धुतलं की सकाळी वाळतं, इस्त्री कमी लागते, रंग टिकतो. आचाऱ्यांना मात्र मी त्याच रंगाचं निव्वळ सुती दिलं, शर्टाची शिलाई तीच. भट्टीजवळ पॉलिस्टर नको. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. दोन कापडांत रंगाचा अगदी थोडा फरक राहिला, पण आचारी आणि वाढपी गिऱ्हाइकाच्या नजरेला शेजारी शेजारी फारसे येत नाहीत.

कॉलर आणि बाहीची पट्टी कशाची, यावर वहिनींच्या मुलीनं पांढरी सुचवली. दिसायला सुंदर, पण शर्टातल्या सर्वांत मळणाऱ्या दोन जागा त्याच. पांढरी पट्टी ॲप्रनसारखी दिवसातून दोनदा बदलता येत नाही आणि चौकडीसकट उकळताही येत नाही. मग गडद तपकिरी एकरंगी पट्टी लावली. दुसऱ्या कामातही मला हेच दिसत आलं आहे की गिऱ्हाईक डाग मोजत नाही. त्याला दिसते ती कड. कॉलर ताठ आहे का, बाहीची घडी सरळ आहे का, ॲप्रन ताजं आहे का, आणि चारही पोरांचे शर्ट एकाच वयाचे दिसतात का. यातलं शेवटचं नवीन माणूस कामावर आला की बिघडतं. जुना शर्ट सहा महिने धुतलेला, नवा कोरा, आणि वर लॉट वेगळा. मिलमध्ये प्रत्येक वेळी रंग थोडा वेगळा उतरतो आणि दुकानदार तोच नंबर देतो, तरी शेजारी उभं केलं की फरक दिसतो. म्हणून मी ऑर्डर घेतानाच दोन-तीन शर्टांचं कापड जास्त काढून ठेवायला सांगतो, आणि पहिले शर्ट शिवले की ते कापडही मालकाच्या घरी दोन-चार वेळा धुवून घ्यायला लावतो.

रंग पाहायचा तो हॉटेलाच्या दिव्याखाली. माझ्या दुकानात पांढऱ्या ट्यूब आहेत. वहिनींच्या हॉटेलात पिवळे एलईडी होते. ट्यूबखाली विटकरी वाटणारा रंग पिवळ्या दिव्याखाली तांबूस-केशरी दिसतो, आणि निळे-जांभळे रंग तर काळपट होतात. तुकडे टांगून दिवस मावळल्यावर पाहिले तेव्हाच त्यांना बॉटल ग्रीन नको वाटला. पिवळ्या उजेडात तो शेवाळी दिसत होता.

दवाखान्यांची कामंही येतात, आणि तिथं माझा हाच सल्ला अर्धा उलटतो. दाताच्या किंवा छोट्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात डाग लपणं परवडत नाही. रक्ताचा थेंब सिस्टरला स्वतःला दिसला पाहिजे म्हणजे ती लगेच कपडा बदलेल. तिथं मी फिकट समुद्री हिरवा किंवा आकाशी सुचवतो. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी पांढऱ्या शस्त्रक्रियागृहाऐवजी हिरवं वापरायला सुरुवात केली ती वेगळ्या कारणानं, पांढऱ्याची तिरीप डोळ्यांना त्रास देते म्हणून. आमच्या दवाखान्यांचं खरं दुखणं रक्ताचं नसतं, ते गार पाण्यात लगेच धुतलं की जातं. दुखणं असतं औषधांचं. पोव्हिडोन आयोडीन साध्या कापडावर तपकिरी डाग पाडतं, पण खळ दिलेल्या कोटावर तोच डाग निळा-काळा होतो, कारण आयोडीन स्टार्चला भेटलं की तेच होतं. एका डॉक्टरांना वाटलं होतं शाई सांडते. कोटाची खळ बंद केली आणि निळे डाग थांबले. आणि क्लोरहेक्सिडीन लागलेला कपडा न खळबळता ब्लीचच्या बादलीत टाकला तर तपकिरी डाग उठतो आणि तो मग निघत नाही. अशा ठिकाणी रंग बदलून काही होत नाही, बादल्यांचा क्रम बदलावा लागतो.

वहिनींकडे परत येतो. शर्ट माणशी तीन दिले, एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पांढऱ्या ॲप्रनचा उपयोग मला अपेक्षित होता त्याहून वेगळ्या ठिकाणी झाला. रोजची बारा ॲप्रन एकत्र धुवायला पडू लागली तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की चौघा वाढप्यांपैकी तिघांच्या ॲप्रनवर डाग डाव्या खालच्या कोपऱ्यात आहेत. काळ्या शर्टावर हे कधीच कळलं नसतं. वहिनींनी दोन दिवस पाहिलं. कटाची जास्तीची वाटी पोरं ट्रेच्या डाव्या कडेला ठेवत आणि ती काठोकाठ भरलेली असे. कट वाढायचा पळा थोडा लहान घेतला, वाटी ट्रेच्या मध्यावर ठेवायला लावली. डाव्या कोपऱ्यातले डाग कमी झाले, आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर सांडणारा कटही.

त्या ऑर्डरच्या कार्डावर मी नेहमीप्रमाणे मूळ कापडाचा तुकडा पिनेनं लावून अंधाऱ्या खणात ठेवला. एक तुकडा वहिनींकडेही दिला. शर्ट केव्हा बदलायचे याचं माप तोच. दर दोन-तीन महिन्यांनी एक शर्ट आणि तो तुकडा शेजारी धरायचा, हातभर अंतरावरून पाहायचा. फरक खिडकीच्या उजेडात दिसला पण हॉटेलाच्या दिव्याखाली नाही, तर शर्ट अजून चालेल. दोन्हीकडे दिसला तर चारही वाढप्यांचे शर्ट एकदमच बदलायचे, एकेक करून नाही. जुने शर्ट टाकायचे नाहीत, त्यांची फडकी चांगली होतात. तेवढी कॉलर मात्र आधी उसवायची, कारण आतला अस्तराचा कडक पट्टा पाणी टिपत नाही.